पहिली खाट: भेट एकच, आणि आनंद सकाळचा

«मॅडम, माझी मुलगी सव्वादोन वर्षांची आहे. आम्ही मडगावला फ्लॅटमध्ये राहतो, तिचा कॉट आमच्याच खोलीत आहे. गेल्या आठवड्यात तिने दोनदा कॉटच्या कठड्यावर पाय टाकला. चवथीच्या सुमारास दुसरं बाळ येणार आहे, म्हणजे अजून दहा आठवडे. तिचा मामा गाडीच्या आकाराचा बेड देतो म्हणतोय, सासूबाई म्हणतात गावच्या घरातली शिसवी खाट आणा. कुठला घ्यावा? गादी, पांघरूण काय असावं? आणि तिला मजा वाटावी म्हणून पहिले काही दिवस रोज सकाळी उशीपाशी एक छोटं गिफ्ट ठेवायचा विचार आहे, ते बरं का?»

कठड्यावर पाय पडला, म्हणजे निर्णय तिनेच घेतला आहे. एरवी मी पालकांना थांबायला सांगते. दोन वर्षांच्या मुलाला कॉटच्या चार भिंती बऱ्याचदा हव्याहव्याशा असतात. «ही माझी जागा, इथेच राहायचं» हे कठड्याशिवाय कळायला तिसरं वर्ष जवळ यावं लागतं. पण चढणाऱ्या मुलाची गोष्ट वेगळी. पाय टाकता आला की पुढच्या खेपेला अंग वर येतं, आणि मूल डोक्याच्या बाजूने खाली येतं. चढायच्या आधीच ओळखायची खूणही सोपी आहे. ती कॉटमध्ये सरळ उभी राहिल्यावर कठडा तिच्या छातीच्या मध्यापर्यंत किंवा त्याखाली येत असेल, तर कॉटचे दिवस संपले. साधारण तीन फूट उंचीला बहुतेक मुलं तिथे पोचतात.

तोवरचे काही दिवस कॉटची गादी सर्वांत खालच्या खाचेवर आणा. आतली उशी आणि मोठी सॉफ्ट टॉईज आज रात्रीच बाहेर काढा. दोन वर्षांच्या मुलाला ती पायरीसारखी वापरता येतात. कॉटच्या बाजूला जाड गोधडी घडी करून अंथरा.

दहा आठवड्यांचं गणित असं मांडा. खाटेवरची पहिली झोप येत्या पंधरवड्यात व्हावी. म्हणजे बाळ यायच्या आधी आठेक आठवडे हातात राहतात, आणि खाट तिच्या अंगवळणी पडते. एवढा वेळ गेला की खाट बाळामुळे मिळाली, असा संबंध तिच्या मनात सहसा जोडला जात नाही. आणि कॉट रिकामा करायची घाई बाळासाठी मुळीच करू नका. बाळ पहिले तीन-चार महिने सपाट तळाच्या पाळण्यात तुमच्या उशाशी झोपेल. कॉट लागेल तो त्यानंतर. याच काळात डायपर सोडवणं, बालवाडी सुरू करणं, बाटली बंद करणं यातलं काहीही हाती घेऊ नका. एका वेळी एकच बदल.

आता खाट कुठली. मामाच्या गाडीबद्दल आधी सांगते, कारण प्रेमाने देणाऱ्याला नाही म्हणणं अवघड असतं. गाडीचा बेड पहिल्या दिवशी फार आवडतो, आणि माझी अडचण तिथेच आहे. ज्या वस्तूवर बसून दिवसभर हॉर्न वाजवायचा, स्टिअरिंग फिरवायचं, तिच्यावरच रात्री निजायचं, हे मोठ्यालाही जड जाईल. शिवाय यातल्या बऱ्याच बेडची गादी वेगळ्या मापाची असते. मग चादर बसत नाही, गादी खराब झाली तर तशीच दुसरी मिळत नाही, आणि दिव्यांची बॅटरी कुठे बसवली आहे हे तपासत बसावं लागतं. मामाला सांगा, खाट तूच दे, पण साधी दे. तिच्या मामाने दिलेली खाट, एवढं तिला पुरतं.

सासूबाईंची शिसवी खाट देखणी असणार याबद्दल मला शंका नाही. आपल्याकडच्या जुन्या घरांतली ती कोरीव काम केलेली खाट मीही लहानपणी वापरली आहे. पण ती उंच असते. गादी घातल्यावर झोपण्याची पातळी दोन फुटांच्या वर जाते, आणि खाली टाईल्स किंवा लाल सिमेंटची जमीन. उशाच्या नक्षीतल्या फटी मोजल्याशिवाय तर तिच्यावर लहान मूल झोपवूच नये. फट साडेतीन इंचांहून मोठी असली की मुलाचं अंग त्यातून सरकू शकतं आणि डोकं अडकतं. सासूबाईंना सांगा, ती सहा-सात वर्षांची झाली की खाट तिचीच आहे. तोवर त्यांनी तिच्यासाठी दुसरं काहीतरी द्यावं. काय, ते पुढे सांगते.

तुमच्यासाठी मी सहा बाय तीनची साधी एकेरी खाट घेईन. गादीसकट वरचा पृष्ठभाग जमिनीपासून फूट-सव्वा फुटाच्या वर जाऊ नये. या मापाची गादी आणि चादर मडगावात कुठेही मिळते आणि खाट पुढे दहा-बारा वर्षं चालते. सुतार ओळखीचा असेल तर आहे त्या खाटेचे पाय कापून घेतले तरी काम होतं. नुसती गादी जमिनीवर टाकणं सर्वांत सुरक्षित असं पुष्कळजण सांगतात, आणि पडण्याच्या दृष्टीने ते खरंच आहे. पण आपल्याकडे जून ते सप्टेंबर जमिनीवरची गादी खालून ओली होते. आठवड्याभरात तळाला बुरशीचे काळे ठिपके दिसतात, कुबट वास येतो, आणि खोकणाऱ्या मुलाला तो त्रास नको. जमिनीवरच टाकायची असेल तर खाली लाकडी पट्ट्यांची फळी हवी आणि रोज सकाळी गादी भिंतीला उभी करून पंख्याखाली वाळवायला हवी. बाळंतपणाच्या आधी वाकून हे रोज करणं तुम्हाला जमायचं नाही, म्हणून मी ते सुचवत नाही.

पडण्याची भीती सगळ्यांना वाटते. मला त्याहून जास्त भीती फटीची वाटते. इतक्या कमी उंचीवरून गोधडीवर पडलेलं मूल रडतं आणि पुन्हा झोपतं. पण गादी आणि भिंत यांच्यामध्ये, किंवा गादी आणि कठडा यांच्यामध्ये घसरलेल्या मुलाचा आवाज येत नाही. तिची खाट तुमच्याच खोलीत लागणार, म्हणजे तिसरी एक फट तयार होते: तुमचा डबल बेड आणि तिची खाट यांच्यामधली. घरी जाऊन पाहते तेव्हा बहुतेक ठिकाणी मला चार-पाच इंच दिसतात, कारण मोठ्यांना वाटतं जवळ असलेलं बरं. एक तर दोन्ही खाटा एका उंचीच्या करून घट्ट बांधा, नाही तर मधून तुम्हाला सरळ चालत जाता येईल एवढी जागा सोडा. मधलं काही नको. भिंतीच्या बाजूलाही तसंच, पूर्ण चिकटून किंवा निदान फूटभर दूर. टाईल्सवर खाट रोज थोडी थोडी सरकते. आज चिकटवलेली खाट आठवड्याने दोन इंच लांब गेलेली असते. पायांना रबरी टोप्या घाला आणि दर रविवारी एकदा हात घालून बघा.

उघड्या बाजूला काढता-घालता येणारा कठडा लावायचा असेल तर तो गादीच्या वर निदान पाच इंच यायला हवा. स्वस्त कठडे पातळ गादीसाठी बनवलेले असतात. आठ इंची गादी घातली की ते जेमतेम दोन इंच वर उरतात आणि मग ते फक्त अडखळायला उपयोगी पडतात. लावल्यावर गादी विरुद्ध बाजूला जोराने ढकला आणि कठड्याकडे फट पडते का पाहा. कठड्याची दोन्ही टोकं उशापासून आणि पायथ्यापासून नऊ-दहा इंच दूर असू द्या, म्हणजे तिला उतरायला वाटही राहते. तुमच्या खाटेची उंची फूटभरच असली तर कठड्याऐवजी चादरीखाली, गादीच्या कडेला, सुती टॉवेलची घट्ट गुंडाळी लांब घाला. मला तो उपाय जास्त आवडतो. मूल लोळत कडेला आलं की त्याला उंचवटा लागतो आणि ते झोपेतच परत फिरतं.

गादी घट्ट हवी, तिच्या अंगाखाली खळगा पडेल इतकी मऊ नको. काथ्याची, वर पातळ फोमचा थर असलेली, चार ते पाच इंचांची गादी आपल्या हवेला बरी पडते. कापसाची गादी उन्हाळ्यात छान, पण एकदा लघवी झाली आणि बाहेर पाऊस कोसळत असला की ती आठवडाभर वाळत नाही. काहीही घेतलं तरी वर पाणी न झिरपणारं कव्हर घाला, आणि ते वरून सुती किंवा टॉवेलसारखं असलेलं घ्या. नुसत्या प्लास्टिकवर मुलाच्या पाठीला घाम येतो, घामोळं येतं, आणि मग आपण समजतो की खाट आवडली नाही. पावसाळ्यात कव्हरं दोन आणि चादरी निदान चार. हे पुरुमेंतासारखं आधीच भरून ठेवायचं काम आहे. जुलैत रात्री तीन वाजता कोरडी चादर शोधायची वेळ येऊ नये. एक युक्ती सांगते: कव्हर, चादर, त्यावर पुन्हा कव्हर आणि चादर असा दुहेरी थर आधीच घालून ठेवा. रात्री ओलं झालं की वरचा थर ओढून काढायचा, खालचा तयार असतो, दिवा लावायची गरज पडत नाही.

पांघरूण हलकं. आपल्याकडे जाड रजई लागतच नाही. जुन्या मऊ साडीची पातळ गोधडी सर्वांत उत्तम, आणि सासूबाईंनी द्यायची वस्तू ती हीच. आजीच्या साडीला आजीचा वास असतो. नव्या खाटेत अनोळखी वाटणारं सगळं त्या वासाने निम्मं ओळखीचं होतं. जाड काठ आणि जर उसवून मग शिवा. ती कॉटमध्ये जे फडकं किंवा चादर घेऊन झोपते, तेही जसंच्या तसं नव्या खाटेवर न्या. आदल्या दिवशी ते धुऊ नका. उशी दोन वर्षांनंतर चालते, पण लहान आणि चपटी. तिला नको असेल तर आग्रह करू नका.

मच्छरदाणीबद्दल विचारलं नाहीत, पण पावसाळा आहे. खिडकीला जाळी असेल तर मच्छरदाणी टाळा, कारण रात्री उठून उतरणारं मूल तिच्यात गुरफटतं. जाळी नसेल तर चार कोपऱ्यांना उंच बांधलेली चौकोनी मच्छरदाणी घ्या, कडा गादीखाली खोचा आणि ती उचलून बाहेर कसं यायचं हे दिवसा तिला दाखवा. डेंग्यूचा डास दिवसा चावतो, म्हणून दुपारच्या झोपेलाही ती हवी. छताच्या एका हुकाला टांगलेली झालर, जी हल्ली भेट म्हणून येते, ती घेऊ नका. मूल ओढतं आणि सगळी खाली येते.

आणि आता ती रात्री मोकळी फिरू शकते, हे विसरू नका. मी खोली तपासायला गेले की गुडघ्यांवर बसते आणि तिच्या उंचीवरून बघते. डासांच्या औषधाचं यंत्र खालच्या सॉकेटमध्ये असतं, ते वर हलवा. कपाट आणि ड्रॉवर भिंतीला स्क्रूने धरून ठेवा. खाट खिडकीखाली नको. बाथरूममधली बादली रात्री रिकामी आणि उलटी, दाराला वरची कडी. बाल्कनीच्या दारालाही वरची कडी हवी. गावच्या घरी जाल तेव्हा विहीर आणि जिना हे दोन प्रश्न आधी सोडवा, मग झोपा. खोलीचं दार मात्र बाहेरून बंद करू नका. तिला बाहेर येता येऊ नये असं वाटत असेल तर दारात जाळीचं छोटं फाटक लावा, ज्याच्यावरून तिला तुम्ही दिसाल.

आता तुमच्या शेवटच्या प्रश्नाकडे येते. मला सगळ्यात जास्त सांगायचं आहे ते याबद्दलच.

दोन वर्षांपूर्वी फोंड्याजवळच्या एका घरात मला बोलावलं होतं. मुलगा दोन वर्षं चार महिन्यांचा, घरात सगळे त्याला बाबू म्हणत. नवी खाट, छान मोठी तयारी. आईने ठरवलं होतं की रोज सकाळी उशीपाशी एक भेट. पहिल्या सकाळी लाकडी बैल, दुसऱ्या सकाळी चित्रांचं पुस्तक, मग चेंडू. पहिल्या तीन रात्री तो सुरेख झोपला. चौथ्या दिवशी सव्वापाचला उठला, सहाव्या दिवशी साडेचारला, आणि डोळे उघडताच उशीखाली हात. भेट सापडली की तो उठून बसे, आणि नाही सापडली तर रडे. झोप दररोज थोडी थोडी तुटत गेली, दुपारी तो चिडचिडा, संध्याकाळी सहालाच पेंगायला लागला, म्हणून रात्री उशिरा झोपला. घरचे म्हणू लागले, याला खाट आवडली नाही, कॉट परत आणूया. खाट त्याला चांगलीच आवडली होती. बिघाड भेटीने केला होता. दोन वर्षांच्या मुलाला «रात्रभर नीट झोपलास म्हणून» ही साखळी धरता येत नाही, कारण झोपेचे ते दहा तास त्याला आठवतच नाहीत. त्याला एवढंच कळतं की डोळे उघडले की काहीतरी मिळतं. मग डोळे लवकर उघडतात.

आम्ही केलं ते असं. भेटी एका दिवसात थांबवल्या. सकाळची पहिली गोष्ट म्हणून फक्त आजी येऊन खिडकी उघडू लागली, ठरलेल्या वेळी, सहाला. त्याआधी उठला तर दिवा नाही, बोलणं नाही, पाठीवर हात आणि «अजून रात्र आहे». संध्याकाळची वेळ पाऊण तास अलीकडे आणली, कारण अतिथकवा हेही पहाटे उठण्याचं कारण असतं. पहिल्या दोन सकाळी तो आधीपेक्षा जास्त रडला. पाचव्या दिवशी साडेपाच झाले, नवव्या दिवशी सहा. ते नऊ दिवस सगळ्यांसाठी कठीण होते, आणि सुरुवातीला एकच भेट दिली असती तर टळले असते.

म्हणून भेट एकच द्या, ती झोपण्याआधी द्या, आणि ती बक्षीस नको, खाटेची वस्तू असू दे. चादर चांगली. तिला दुकानात नेऊन दोनच चादरी पुढे धरा, फुलांची की मासोळ्यांची, आणि ती बोट दाखवेल ती घ्या. दहा दाखवल्यात तर ती गोंधळेल. किंवा एक कापडी बाहुली, छोटी, तिच्या हाताएवढी, डोळे दोऱ्याने भरलेले, चिकटवलेले मणी नकोत. मंद पिवळा रात्रीचा दिवाही चालेल, पण तो चार्ज होणारा असू द्या, कारण पावसाळ्यात वीज गेली की अंधार होतो आणि पंखाही थांबतो, दोन्ही एकदम.

नातेवाईक आणखी काही आणणारच. ते दिवाणखान्यात ठेवा, खाटेवर नको. वाजणारं किंवा उजेड पडणारं खेळणं असेल तर त्याची बॅटरीची जागा स्क्रूने बंद आहे का पाहा. चपट्या गोल बटण-बॅटरीबाबत मी फार कडक आहे. ती गिळली गेली तर अन्ननलिका दोनच तासांत भाजू शकते. तशी शंका जरी आली तरी उलटी करायला लावू नका, वाट पाहू नका, 108 ला फोन करून तडक बांबोळीच्या इस्पितळात न्या. फुगे खोलीत सजवू नका. फुटलेल्या रबराचा तुकडा लहान मुलाच्या घशात अडकला तर काढणं अवघड असतं.

मजा वाटायला हवी, हे तुमचं म्हणणं मला मनापासून पटतं. फक्त ती सकाळी हवी. उत्साहाने मूल जागं होतं. संध्याकाळी सातला टाळ्या वाजवून, फोटो काढून, सगळ्या भावंडांना बोलावून खाटेचं स्वागत केलंत तर ती दहापर्यंत झोपणार नाही आणि पहिली रात्रच बिघडेल. आठवडाभर आधीपासून «आता तुला मोठी खाट येणार» असं सांगत राहणंही नको. दोन वर्षांच्या मुलाला चार दिवसांनंतर म्हणजे काय ते कळत नाही, नुसती बेचैनी साचते. आदल्या दिवशी सांगितलं तरी पुरे.

मी घरोघरी सुचवते तो विधी पंधरा मिनिटांचा आहे. सुट्टीच्या दिवशी, नाश्ता झाल्यावर, नऊ-दहाच्या सुमारास. खाट मांडलेली, वर नुसती गादी. कॉटमधलं तिचं फडकं तिने स्वतः उचलून आणायचं आणि खाटेवर ठेवायचं. मग तिची छोटी उशी तिच्या डोक्यावर द्यायची, दुसऱ्या खोलीपासून चालत आणायला, सगळ्यांनी मागून चालायचं. चादर बाबांनी पसरायची आणि एक कोपरा तिने ओढायचा. आजीने खाटेच्या पायाला हळदकुंकवाचं एक बोट लावायचं, तिच्या हाताने अबोलीची चार फुलं ठेवायची. आपल्याकडे नव्या वस्तूला बोट लावतातच, मुलांनी ते पाहिलेलं असतं, म्हणून त्यांना लगेच समजतं की ही महत्त्वाची गोष्ट आहे. मग आजी विचारते, «ही खाट कोणाची?» ती सांगते, «माझी.» शेवटी बाहुलीला खाटेवर निजवायची, थोपटायची, गोधडी घालायची, आणि सगळ्यांनी हळू आवाजात बोलत बाहेर यायचं. बाहेर शिऱ्याचा एक घास. संपलं. फुलं नंतर उचलून घ्या.

बाहुलीला निजवणं हा यातला सर्वांत कामाचा भाग आहे. या वयात मूल समजावून सांगितलेलं कमी आणि खेळून केलेलं जास्त शिकतं. त्याच दुपारी तिला तिथेच निजवा, आणि त्याच रात्री. काही दिवस दुपारी खाट आणि रात्री कॉट असं करू नका. चढणाऱ्या मुलीला तर नाहीच. कॉट त्याच दिवशी तिच्यासमोर सुटा करा, एक-दोन नट तिला डब्यात टाकू द्या, आणि मग तो दिसेनासा होऊ दे. रोज रात्री त्या सकाळच्या विधीतला एकच तुकडा उरतो: आधी बाहुली निजते, मग ती. कुंकू, फुलं, मिरवणूक पुन्हा नाही.

पहिल्या रात्री सहसा चांगल्या जातात. चौथ्या ते दहाव्या दिवसाच्या दरम्यान तिच्या लक्षात येतं की उतरता येतं, आणि मग येरझारा सुरू होतात. तेव्हा घाबरू नका. ती आली की हात धरून परत न्या, एकच ठरलेलं वाक्य म्हणा, «झोपायची वेळ आहे, बाहुली झोपली», निजवा आणि फिरा. दहावेळा आली तर दहावेळा, त्याच आवाजात. पाचव्या वेळी रागावलात आणि आठव्या वेळी तुमच्या बेडवर घेतलंत, तर ती आठ खेपा करायला शिकते. हे काम बाबांनी करायचं, आतापासूनच, कारण बाळ आल्यावर रात्री तुम्हाला उठून येता येणार नाही आणि तेव्हा माणूस बदलला तर पुन्हा पहिल्यापासून सुरुवात होईल. दुपारची झोप साडेतीनच्या पुढे जाऊ देऊ नका. रात्र आणि दुपार मिळून बारा तासांच्या आसपास झोप होत असेल तर चिंतेचं कारण नाही.

दोन आठवडे हे एकसारखं करूनही ती रोज तासभराहून जास्त रडत असेल, झोपेत घोरत असेल किंवा तोंडाने श्वास घेत असेल, तर खाटेला दोष न देता तिला बालरोगतज्ज्ञांना दाखवा. सुजलेले टॉन्सिल आणि नाकामागच्या गाठी मी अशाच तक्रारींतून सापडलेल्या पाहिल्या आहेत.

चवथीला गावी जाणं झालंच तर तिची चादर, गोधडी आणि बाहुली बरोबर न्या आणि तिथे तिला जमिनीवरच्या गादीवर निजवा. चार रात्रींपुरती दमट जमीन चालेल, खाली जाड चटई घाला. बाळंतपणासाठी तुम्ही इस्पितळात असाल त्या रात्री आजीने तिच्या खोलीत झोपावं, तिला आजीच्या खोलीत नेऊ नये. आणि तीन-चार महिन्यांनी कॉट पुन्हा जोडाल तेव्हा तो दुसऱ्या भिंतीला लावा, नवी चादर घाला, आणि बाळाला पहिल्यांदा निजवायच्या आधी तिला विचारा, बाळाच्या कॉटमध्ये कुठली बाहुली ठेवायची. ती सांगेल ती क्षणभर ठेवा, तिच्या हाताने थोपटून घ्या, मग बाहुली काढून तिच्याच खाटेवर परत द्या. तान्ह्या बाळाच्या कॉटमध्ये बाहुली, उशी, गोधडी काहीच राहू नये.